खोदलेला चर, बंद दिवे आणि न छापलेले पत्र

वाचकाचे पत्र

आमच्या वस्तीतील रस्ता आणि पथदिवे यांविषयी मी एका वृत्तपत्राच्या संपादकांना दोनदा पत्र पाठवले, पण एकदाही छापून आले नाही. मजकूर असा होता: ‘आमच्या भागातील रस्त्यांची अक्षरशः चाळण झाली असून सर्वत्र अंधाराचे साम्राज्य पसरले आहे. नियमित कर भरूनही नागरिक मूलभूत सुविधांपासून वंचित आहेत. अधिकारी आणि ठेकेदार यांच्या संगनमताशिवाय हे शक्य नाही. कुणाचा जीव गेल्यावरच प्रशासनाला जाग येणार का?’

फेब्रुवारीत पाण्याच्या नव्या वाहिनीसाठी शाळेच्या फाटकापासून टाकीपर्यंत रस्त्याची डावी बाजू खोदली होती. नंतर माती लोटून वरून डांबर टाकले, ते पहिल्याच पावसात खचले. एके ठिकाणी दुचाकीचे अर्धे चाक आत जाते. खोदकामाच्याच सुमारास डावीकडचे ११ ते १७ क्रमांकाच्या खांबांवरचे दिवे गेले. १० पर्यंतचे आणि टाकीच्या पुढचे चालू आहेत. रस्ते विभाग पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवतो, पाणीपुरवठा रस्ते विभागाकडे. दिव्यांची तक्रार एप्रिलमध्ये नोंदवली, तिचा क्रमांक माझ्याकडे आहे. रस्त्याचे मात्र तोंडीच सांगितले आहे. पत्रात काय चुकले आणि आता कसे लिहावे?

— एक त्रस्त रहिवासी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

संपादकांनी जे छापायला हवे होते ते तुम्ही मला लिहिले आहे आणि त्यांना पाठवलेच नाही. फेब्रुवारीतील खोदकाम, डावी बाजू, ११ ते १७ हे खांब आणि एप्रिलमधील तक्रार या चार गोष्टींतच तुमचे सगळे पत्र आहे. संपादकांकडे गेलेल्या मजकुरात यांपैकी एकही नाही. रस्त्यांची चाळण आणि अंधाराचे साम्राज्य या शब्दांत वाचकांच्या पत्रांच्या पानाकडे इतकी पत्रे येतात, की खालचे नाव झाकले तर कोणते पत्र कोणत्या वस्तीचे ते सांगता येणार नाही. ज्या पत्रातील एकही विधान पडताळून पाहता येत नाही ते पत्र खोटे असते असे नव्हे, पण त्याच्या जागी दुसरे छापले तरी काही बिघडत नाही, आणि पान लावणारा माणूस नेमके तेच करतो.

तुम्ही रस्ता आणि दिवे या दोन स्वतंत्र तक्रारी मानल्या आहेत. तुमच्या वर्णनावरून मला त्या एकाच चराच्या दोन बाजू वाटतात. पत्र लिहिण्याआधी ही शक्यता जागेवर जाऊन तपासावी, कारण ती खरी ठरली तर पत्राला एक कणा मिळेल आणि दोन विभागांची टोलवाटोलवी बरीच अवघड होईल.

प्रथम रस्ता पाहू. वाहिनी टाकल्यानंतर चर भरण्याची योग्य रीत अशी असते, की वाहिनीच्या भोवती बारीक माल घालायचा, त्यावर साधारण १५ ते २० सेंटिमीटर जाडीचे थर एकामागून एक टाकायचे आणि प्रत्येक थर पुरेसा ओलावून यंत्राने दाबायचा. त्यावर खडीचा पाया आणि शेवटी डांबराचा थर येतो. घाईच्या कामात काढलेलीच माती एकदम आत लोटली जाते आणि फक्त वरचा भाग दाबला जातो. तो त्या दिवशी घट्ट दिसतो, पण आतली माती पोकळ राहते. वाहनांचे वजन आणि झिरपणारे पाणी यांनी ती पुढचे काही महिने बसत राहते आणि वरचे डांबर तिच्याबरोबर खाली जाते. जुना रस्ता आणि नवा भराव यांच्या सांध्यातून पाणी आत शिरते, पाया भिजून मऊ होतो, चाकाचा प्रत्येक दाब आतला बारीक माल पाण्याबरोबर वर ढकलतो, डांबराला जाळीसारखे तडे जातात आणि त्यांतील तुकडे सुटू लागले की आपण ज्याला खड्डा म्हणतो तो तयार होतो. पहिल्या पावसात खचले असे तुम्ही लिहिता. ते खचणे पावसाने फक्त उघड केले, त्याची तयारी भराव टाकला त्या दिवशीच झाली होती.

चरामुळे खचलेला आणि केवळ वयोमानाने झिजलेला रस्ता हे दोन्ही डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. झिजलेल्या रस्त्यावर खड्डे विखुरलेले असतात. चाकांच्या नेहमीच्या वाटेवर आणि पाणी साचणाऱ्या सखल जागी ते जास्त आढळतात. चराचा खचलेला पट्टा मात्र सरळ रेषेत धावतो, त्याची रुंदी बरीचशी सारखी असते आणि त्याच्या दोन्ही कडांना लांब, सलग चीर दिसते. पाऊस थांबल्यावर तासाभराने जाऊन पाहिले तर पाणी नेमके त्या पट्ट्यात पन्हळीसारखे उभे असते. तुमच्याकडे उजवी बाजू शाबूत आणि डावी खचलेली असेल, तर हे एकच निरीक्षण पत्रातील दहा विशेषणांपेक्षा मोलाचे आहे, कारण पाऊस, रहदारी आणि रस्त्याचे वय दोन्ही बाजूंना सारखेच होते.

मोजमापही घ्यावे. रस्त्यावर आडवी सरळ काठी किंवा पट्टी अशी ठेवावी, की तिची दोन्ही टोके शाबूत पृष्ठभागावर टेकतील, आणि काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. हे काम दिवसा, रहदारी कमी असताना, दुसऱ्या माणसाला वाहनांकडे लक्ष ठेवायला उभे करून करावे. दुचाकीचे अर्धे चाक आत जाते हे वाक्य मात्र पत्रात नको. अर्धे चाक खरोखर आत जात असते तर त्या रस्त्यावरून कुणी दुचाकी नेलीच नसती, हे वाचकाला कळते आणि अभियंत्याला तर त्याहून लवकर कळते. एक विधान फुगवलेले सापडले की बाकीची खरी विधानेही त्याच्याबरोबर वाहून जातात. ७ सेंटिमीटर खोली कागदावर किरकोळ दिसते, पण काळोखात दुचाकीचा तोल घालवायला ती पुरेशी असते.

आता दिवे. पथदिवे बंद कसे पडले आहेत, यावरून दोष साधारण कुठे असावा याचा अंदाज बांधता येतो आणि वीज विभागातील तंत्रज्ञही सुरुवात तिथूनच करतो. एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्या दिव्यात किंवा त्याच खांबावरच्या जोडणीत असतो. दर तिसरा दिवा बंद असेल तर तीनपैकी एक फेज गेलेला असण्याचा संभव असतो, कारण भार समान वाटण्यासाठी खांब अनेकदा क्रमाने तीन फेजवर जोडलेले असतात. एका नियंत्रण पेटीवरचे सगळेच दिवे गेले तर पेटीतील फ्यूज, टायमर किंवा पेटीला येणारा पुरवठा संशयाच्या जागी येतो. तुमच्याकडे यांतले काहीच दिसत नाही. १० पर्यंतचे दिवे लागतात, ११ पासून सलग सात लागत नाहीत आणि टाकीच्या पुढचे पुन्हा लागतात. याचा सरळ अर्थ असा निघू शकतो, की पेटीतून निघालेला पुरवठा दहाव्या खांबापर्यंत पोचतो आणि तिथून पुढे तुटतो. टाकीपलीकडचे खांब दुसऱ्या पेटीवर असावेत. दहाव्या आणि अकराव्या खांबांच्या मध्ये केबल तुटली असेल तर हेच चित्र दिसेल.

म्हणून एक गोष्ट जागेवर पाहून यावी. खांबांची केबल डोक्यावरून जाते की जमिनीखालून? दोन खांबांमध्ये वर तार दिसत नसेल तर ती जमिनीखाली आहे. तसे असेल, तर दहाव्या आणि अकराव्या खांबांच्या दरम्यान चर कुठून गेला आहे ते पाहावे. चराची सुरुवात शाळेच्या फाटकापाशी झाली आणि अकरावा खांबही तिथेच असेल, तर खोदणाऱ्या यंत्राच्या दातात केबल आली असण्याची शक्यता बरीच आहे. पथदिव्यांची केबल रस्त्याच्या कडेलाच असते आणि जलवाहिन्याही बहुधा कडेनेच टाकल्या जातात, त्यामुळे अशा कामात ती सापडणे हा दुर्मीळ अपघात नाही. मात्र हे सगळे दुरून पाहायचे आहे. खांबाच्या बुंध्याशी असलेले झाकण उघडू नये, निघालेले असेल तर आत हात घालू नये आणि पावसात खांबाला स्पर्शही करू नये. तुटलेल्या केबलचे उघडे टोक ओल्या मातीत असू शकते. झाकण नसलेला खांब दिसला तर त्याची वेगळी आणि तातडीची तक्रार त्याच दिवशी करावी, तिथे संपादकांची वाट पाहू नये.

एवढे पाहून झाल्यावरही पत्रात ‘खोदकामामुळे केबल तुटली’ असे लिहू नये. तुम्ही केबल पाहिलेली नाही. खोदकाम अमुक महिन्यात झाले, त्याच सुमारास हे सात दिवे बंद पडले आणि चर याच खांबांच्या बाजूने गेला आहे, इतकेच तुम्हाला माहीत आहे. तेवढेच लिहिले तरी वाचणारा निष्कर्षापर्यंत आपोआप पोचतो, आणि तो चुकीचा ठरला तरी तुमचे एकही वाक्य खोटे ठरत नाही. संगनमताच्या वाक्याबाबत तर मला जास्तच कठोर बोलावेसे वाटते. पुरावा हाती नसताना केलेला असा आरोप छापला तर बदनामीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येऊ शकते आणि छापणाऱ्यावरही, त्यामुळे संपादक ते वाक्य काढतील किंवा पत्रच बाजूला ठेवतील. शिवाय त्या वाक्याने विभागाचे काम सोपे होते, कारण आरोप नाकारणारा दोन ओळींचा खुलासा दिला की विषय संपतो. खचलेल्या पट्ट्याची लांबी कुणाला खुलाशाने नाकारता येत नाही.

आरोपाच्या जागी एक प्रश्न ठेवावा. रस्ता खोदायचा असेल तर रस्त्याची मालकी असलेल्या विभागाची परवानगी लागते आणि त्या परवानगीतच रस्ता पूर्ववत कोणी करायचा हे ठरलेले असते. कुठे खोदणारी यंत्रणा शुल्क भरते आणि रस्ते विभाग दुरुस्ती करतो. कुठे खोदणाऱ्यानेच रस्ता पूर्ववत करून द्यायचा असतो आणि रस्ते विभागाने तो तपासून ताब्यात घ्यायचा असतो. दोन्ही पद्धती असू शकतात, पण एका खोदकामाला एकच पद्धत लागू असते. म्हणून दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर त्यांच्यापैकी एकाच्या कपाटात या वादाचे लेखी उत्तर ठेवलेले आहे. ‘फेब्रुवारीतील खोदकामाच्या परवानगीनुसार रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची होती आणि ते काम तपासून स्वीकारले गेले का?’ हा प्रश्न जाहीरपणे विचारला की दोघांनाही तो कागद काढावा लागतो. त्याला जोडून आणखी एक विचारता येईल. काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक मुदतीत उघड झालेले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दूर करावेत अशी अट, म्हणजे दोषदायित्व कालावधी, अशा कंत्राटांत बहुधा असते. तुमचे काम अगदी अलीकडचे असल्यामुळे ही मुदत चालू असण्याचा संभव मोठा आहे, आणि चालू असेल तर निधी नाही हे उत्तर देता येत नाही.

रस्ता नगरपालिकेचाच आहे ना, याची खातरजमा आधी करून घ्यावी. वस्तीतून जाणारा रस्ता कधी कधी दुसऱ्याच सरकारी यंत्रणेच्या ताब्यात असतो आणि चुकीच्या कार्यालयाला दोष दिला की ‘हा रस्ता आमच्या अखत्यारीत नाही’ या एका ओळीत सारे पत्र निकालात निघते.

दुसरी पूर्वतयारी रस्त्याच्या तक्रारीची आहे. तोंडी तक्रार कागदोपत्री झालेलीच नसते. रस्त्याची स्वतंत्र लेखी तक्रार आजच नोंदवा, क्रमांक घ्या आणि मग किमान दोन आठवडे थांबा. काल तक्रार करून आज वृत्तपत्राकडे धाव घेणाऱ्याला कोणतेही कार्यालय ‘तक्रार नुकतीच प्राप्त झाली आहे’ असे सांगू शकते आणि ते खरेही असते. तुमच्या दिव्यांच्या तक्रारीला मात्र काही महिने उलटले आहेत. ती तुमची भक्कम बाजू आहे. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात घालू नयेत. रस्ता स्थापत्याकडे जातो आणि दिवे विद्युत विभागाकडे. एकत्र अर्ज ज्या टेबलावर पहिल्यांदा पोचतो तिथला निम्मा भाग निकाली निघाला की सबंध अर्ज निकाली निघाल्याची नोंद होऊ शकते. वृत्तपत्रातील पत्रात मात्र दोन्ही गोष्टी एकत्रच यायला हव्यात, कारण खचलेला पट्टा आणि अंधार एकाच बाजूला असणे हाच तिथला खरा धोका आहे. उजेडात जो खड्डा माणूस चुकवतो तोच काळोखात त्याला पाडतो.

हे सगळे जमवल्यावर पत्र साधारण असे होईल. रिकाम्या जागी तुमची मापे आणि क्रमांक घालावेत.

> मा. संपादक,
>
> शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या रस्त्यावर डाव्या बाजूचे सलग सात पथदिवे (खांब क्रमांक ११ ते १७) फेब्रुवारीपासून बंद आहेत आणि त्याच बाजूने रस्ता सुमारे ___ मीटर लांबीपर्यंत खचला आहे. हे सात दिवे तातडीने सुरू करावेत आणि रस्त्याची पक्की दुरुस्ती होईपर्यंत खचलेला भाग खडीने भरून तिथे परावर्तक पट्ट्यांचे अडथळे लावावेत, अशी आमची मागणी आहे.
>
> फेब्रुवारीत याच बाजूने जलवाहिनीसाठी चर खोदण्यात आला होता. चराच्या जागी रस्त्याची पातळी आता सर्वांत खोल ठिकाणी ___ सेंटिमीटरने खाली गेली आहे. उजवी बाजू शाबूत आहे. दिवेही त्याच सुमारास बंद पडले. सायंकाळच्या शिकवणीहून परतणारी मुले आणि दुचाकीस्वार यांना खचलेला भाग अंधारात दिसत नाही.
>
> दिव्यांची तक्रार (क्र. ___) एप्रिलमध्ये आणि रस्त्याची तक्रार (क्र. ___) दि. ___ रोजी नोंदवली आहे. रस्ते विभाग व पाणीपुरवठा विभाग एकमेकांकडे निर्देश करत आहेत. खोदकामाच्या परवानगीनुसार रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि कामाचा दोषदायित्व कालावधी चालू आहे का, हे नगरपालिकेने जाहीर करावे.
>
> आपला,
> (नाव, वस्ती)

या मसुद्यात मागणी दुसऱ्याच वाक्यात का आली, असा प्रश्न तुम्हाला पडेल, कारण शाळेत आपल्याला विनंती शेवटी करायला शिकवलेले असते. वृत्तपत्रात जागा कमी पडली की मजकूर बहुधा खालून छाटला जातो. शेवटचा परिच्छेद गेला तरी जागा, दोष, महिना आणि मागणी उरली पाहिजे, अशा बेताने हे पत्र रचले आहे. लांबी दीडशे शब्दांच्या आसपास ठेवली आहे आणि ती दोनशेच्या पुढे जाऊ देऊ नये. शिकवणीच्या मुलांचे वाक्य मी नमुन्यादाखल घातले आहे. तिथून खरोखर कोण आणि केव्हा जाते ते तुम्हीच पाहून लिहावे. कुणी पडून जखमी झाले असेल तर महिना आणि जागा लिहावी, नाव त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय लिहू नये.

मागण्या दोन टप्प्यांत तोडल्या आहेत, त्यालाही कारण आहे. भर पावसात गरम डांबराचे काम नीट होत नाही. पृष्ठभाग ओला असेल तर डांबर धरत नाही आणि टाकलेला थर काही दिवसांत सुटतो. तुम्ही आत्ता सरसकट डांबरीकरण मागितले तर पावसाळ्यानंतर पाहू, असे उत्तर येईल आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच असेल. दिवे लावायला मात्र पावसाळा संपण्याची अट नाही. केबल जमिनीखाली तुटली असेल तर कायमची जोडणी होईपर्यंत खांबांवरून तात्पुरती तार ओढूनही पुरवठा देता येतो, आणि तो मार्ग विद्युत विभागाला चांगला माहीत असतो. म्हणून जे लगेच होऊ शकते ते आधी मागावे आणि जे थांबू शकते त्याची तारीख मागावी.

पत्रासोबत छायाचित्रे पाठवणार असाल तर रात्रीच्या छायाचित्राबाबत सावध राहावे. आजचे फोन काळोखात आपोआप उजेड वाढवतात, आणि डोळ्यांना काहीही न दिसणारा रस्ता छायाचित्रात संध्याकाळसारखा उजळ दिसतो. असे छायाचित्र तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल. फोनमधील रात्रीची सुविधा बंद ठेवावी आणि चौकटीत चालू असलेला दहावा दिवा आणि त्यापुढचे बंद खांब एकत्र येतील अशा जागी उभे राहावे. फरक मग सांगावा लागत नाही. दिवसाच्या छायाचित्रात खचलेल्या पट्ट्यावर ठेवलेली काठी आणि टेप दिसू द्यावी आणि मागे शाळेचे फाटक यावे, म्हणजे जागेविषयी वाद उरणार नाही. दोन छायाचित्रे पुरेत.

पत्राखाली खरे नाव, पूर्ण पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा. पत्र खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी कार्यालयातून फोन येऊ शकतो. तो उचलला गेला नाही तर पत्र मागे पडते. नाव छापले जाऊ नये असे वाटत असेल तर तशी विनंती वेगळ्या ओळीत करता येते, पण संपादकांपासून ते लपवता येत नाही, आणि ‘एक त्रस्त रहिवासी’ ही सही या सदरासाठी ठीक असली तरी तिथे चालणार नाही. चाळीस शेजाऱ्यांच्या सह्या जोडण्याचा मोहही टाळावा. त्या छापल्या जात नाहीत. त्यांची जागा नगरपालिकेच्या अर्जावर आहे. एकच मजकूर एका वेळी एकाच वृत्तपत्राला पाठवावा, कारण तोच दोन ठिकाणी छापून आला की पुढच्या वेळी दोन्ही संपादक हात आखडता घेतात.

पत्र छापून आल्यावर त्याचे कात्रण दोन्ही तक्रार क्रमांकांचा उल्लेख करून संबंधित विभागांना लेखी पाठवावे आणि पोच घ्यावी. उत्तर बहुधा ‘काम प्रस्तावित आहे’ किंवा ‘कार्यवाही सुरू आहे’ असे येते. या शब्दांत तारीख नसते, हे ध्यानात ठेवून तारीख विचारणारे एका ओळीचे पत्र लगेच परत पाठवावे. दुरुस्ती सुरू झाली तर त्या दिवशी जाऊन थोडा वेळ उभे राहावे. खचलेल्या भागावर नुसती खडी आणि डांबर ओतून वरून पाट्याने चोपत असतील तर ते काम तुमच्या पत्राला दिलेले उत्तर आहे, रस्त्याची दुरुस्ती नाही. चर पुन्हा उकरून भराव थरांनी दाबला, कडा सरळ कापून साफ केल्या, कोरड्या कडांना डांबराचा पातळ हात दिला आणि मग वरचा थर घालून रूळ फिरवला, तर तो पट्टा टिकण्याची आशा धरता येईल. दिवे लागले आणि रस्ता तसाच राहिला, असेही होऊ शकते, किंबहुना तेच जास्त संभवते. तसे झाले तर त्याच संपादकांना तीन-चार ओळींचे दुसरे पत्र लिहावे, पहिल्या पत्रानंतर सातही दिवे सुरू झाल्याचे त्यात प्रथम नोंदवावे आणि त्याखाली परवानगीविषयीचा अनुत्तरित प्रश्न पुन्हा विचारावा.